भिंतीच्या फोटोवरून रंगाचा हिशोब: दार-खिडकी वजा करून किती लिटर?

मी रंगाच्या दुकानात बसतो. पूर्वी गिऱ्हाईक मापं कागदावर लिहून आणायचं, आता मोबाइल पुढे धरतं. "दादा, ही भिंत आहे. किती रंग लागेल?" नुसत्या फोटोवरून याचं उत्तर देता येत नाही. फोटोत दिसतं ते प्रमाण. दाराच्या उंचीच्या मानाने भिंत किती रुंद आहे, हे फोटो सांगतो. भिंत दहा फुटी आहे की पंधरा फुटी, हे त्यातून कळत नाही. पण त्या भिंतीवरच्या एखाद्या वस्तूचं खरं माप मिळालं, की बाकीचं सगळं काढता येतं.

गेल्या उन्हाळ्यात एक ताई आल्या होत्या. माहेरच्या घरातल्या एका भिंतीला मोरपिशी रंग द्यायचा होता. फोटो आईने व्हॉट्सॲपवर पाठवलेला, आई गावाला आणि ताई आमच्या दुकानात. भिंतीत एक दार, एक खिडकी. पुढचा सगळा हिशोब त्याच भिंतीचा आहे.

आधी फोटो बरा घ्या

भिंतीच्या मधोमध, अगदी समोर उभं राहायचं. मोबाइल आडवा करून छातीच्या उंचीवर, भिंतीला समांतर धरायचा. वर किंवा खाली कलवायचा नाही. चारही कोपरे फोटोत यायला हवेत. खोली लहान असली की लोक कॅमेऱ्यावरचं ०.५ दाबतात आणि सगळी भिंत एका फोटोत बसवतात. ते करू नका. त्या रुंद लेन्समध्ये फोटोच्या कडेच्या गोष्टी ताणल्या जातात, काही मोबाइलांत छताची रेघही धनुष्यासारखी वाकते. नेहमीच्या १ वर ठेवून जमेल तेवढं मागे सरका, गरज पडली तर समोरच्या दारातून बाहेर जाऊन फोटो घ्या.

व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो आकसतो. प्रमाण तेच राहतं, पण कडा धूसर होतात आणि चौकट नक्की कुठे संपते ते दिसत नाही. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगायचं.

फोटो आला की पहिली तपासणी अगदी सोपी आहे. भिंतीची उंची डाव्या कोपऱ्यात मोजा आणि उजव्या कोपऱ्यात मोजा. नंतर रुंदी वर छताशी मोजा आणि खाली जमिनीशी मोजा. दोन्ही जोड्या जवळपास सारख्या आल्या, तर फोटो सरळ आहे. डावीकडची उंची जास्त भरली, तर फोटो डावीकडे उभं राहून घेतलाय. खालची रुंदी वरच्यापेक्षा जास्त दिसली, तर मोबाइल वर कलला होता. असा फोटो सरळ करण्यापेक्षा दुसरा घेणं नेहमी सोपं. दुसरा मिळणारच नसेल, तर काय करायचं ते पुढे सांगतो.

मोजायचं कसं? कॉम्प्युटरवर विंडोजच्या साध्या पेंटमध्ये फोटो उघडा. कर्सर जिथे न्याल तिथले दोन आकडे खालच्या पट्टीत दिसतात. पहिला आकडा डावीकडून किती पिक्सेल, दुसरा वरून किती पिक्सेल. ताईंच्या फोटोत भिंतीची डावी कड ४१२ वर होती आणि उजवी २८७८ वर, म्हणजे रुंदी २४६६ पिक्सेल. कॉम्प्युटर नसेल तर स्क्रीनवर फूटपट्टी ठेवून मिलिमीटरमध्ये मोजलं तरी चालतं. फक्त मोजता मोजता फोटो लहान-मोठा करायचा नाही, नाहीतर आधीची मापं वाया जातात.

एक खरं माप

आता घरच्या माणसाला एक माप घ्यायला सांगायचं. दार हे त्यासाठी सगळ्यात सोयीचं. ते उंच असतं, भिंतीतच असतं आणि त्याच्या कडा स्पष्ट दिसतात. ए-फोर कागद भिंतीवर चिकटवायचा सल्ला बरेच जण देतात. कागदाचं माप पक्कं असतं हे खरं, २१०×२९७ मिलिमीटर. पण एवढ्या लहान कागदावर कर्सर जरासा चुकला, तर तीच चूक भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तेरा-चौदा पट झालेली असते. दारावर तेवढ्याच चुकीचा फरक बराच कमी पडतो.

"दार सात फुटीच असतं की," ताई म्हणाल्या. असतं, पण नेहमी नाही. आईला फोन लावला.

"अगं, माझी टेप शिवणाची, साठ इंचाची. दार त्याहून उंच आहे."

"मग साठवर पेन्सिलीने खूण कर आणि तिथून वर मोज."

वर २२ इंच भरलं. म्हणजे चौकटीच्या बाहेरच्या कडेपर्यंत ८२ इंच, सात फुटांना दोन इंच कमी. दोन इंचांनी काय होतं, असं वाटेल. ८४ धरलं असतं, तर प्रत्येक लांबी सुमारे अडीच टक्क्यांनी फुगली असती. क्षेत्रफळात लांबीही फुगते आणि उंचीही, त्यामुळे रंगात ती चूक जवळपास पाच टक्के होते. जाता जाता दाराची रुंदीही विचारून घेतली, चौकटीसकट ३३ इंच. हा दुसरा आकडा पडताळणीसाठी.

फोटोत दाराची उंची १२३० पिक्सेल होती. १२३० भागिले ८२ म्हणजे एका इंचाला १५ पिक्सेल. दाराची रुंदी ४९५ पिक्सेल, भागिले ३३, पुन्हा १५. उभं आणि आडवं प्रमाण सारखं आलं, तेव्हा फोटोवर विसंबायला हरकत नाही.

खरं माप कशाचं घ्यायचं नाही, हेही महत्त्वाचं आहे. भिंतीपुढे उभ्या माणसाची उंची धरू नका, कपाटाचीही नाही. कॅमेरा भिंतीपासून १२ फुटांवर असेल आणि कपाट दोन फूट खोल असेल, तर कपाटाचा दर्शनी भाग कॅमेऱ्यापासून १० फुटांवर येतो. म्हणून तो भिंतीच्या मानाने २० टक्के मोठा दिसतो. त्यावरून माप काढलं की भिंत लहान निघते आणि रंग कमी पडतो. मापाची वस्तू भिंतीच्याच पातळीत हवी.

फोटो तिरकाच असेल तर

मोबाइलवर स्नॅपसीडमध्ये किंवा कॉम्प्युटरवर गिम्पमध्ये फोटोचे कोपरे ओढून भिंत चौकोनी करता येते. इथे नवख्यांची हमखास फसगत होते. भिंत चौकोनी दिसायला लागली की वाटतं, झालं काम. पण आपण कोपरे ओढले ते अंदाजाने. चौकोन सरळ झाला तरी तो रुंदीत दबलेला किंवा ताणलेला असू शकतो, आणि डोळ्यांना ते कळत नाही.

समजा, हाच फोटो तिरका होता आणि सरळ केल्यावर दार १२०० पिक्सेल उंच आणि ४२९ पिक्सेल रुंद निघालं. उंचीवरून इंचाला १४.६३ पिक्सेल येतात, रुंदीवरून १३. म्हणजे फोटो आडवा दबलाय. उंचीचंच प्रमाण रुंदीलाही लावलं, तर १३.७ फुटांची भिंत जेमतेम १२.२ फूट भरेल आणि सुमारे १४ चौरस फूट भिंत हिशोबातून गायब होईल. उपाय असा की आडव्या मापांना १३ ने भागायचं आणि उभ्या मापांना १४.६३ ने. म्हणून तिरक्या फोटोसाठी एक उभं आणि एक आडवं अशी दोन खरी मापं लागतातच.

भिंत, मग दार, मग खिडकी

ताईंचा फोटो सरळ होता, तेव्हा सगळीकडे १५ नेच भागू. भिंतीची रुंदी २४६६ पिक्सेल, म्हणजे १६४.४ इंच किंवा १३.७ फूट. उंची १६९२ पिक्सेल, म्हणजे ११२.८ इंच किंवा ९.४ फूट. दोन्हींचा गुणाकार १२८.८ चौरस फूट. ही दार-खिडकीसकट अख्खी भिंत.

दार ८२ इंच गुणिले ३३ इंच, म्हणजे २७०६ चौरस इंच. याचे चौरस फूट करायला १४४ ने भागायचं, १२ ने नाही. एक फूट म्हणजे १२ इंच, पण एक चौरस फूट म्हणजे बारा बारा १४४ चौरस इंच. १२ ने भागलं तर दार २२५ चौरस फुटांचं होतं, म्हणजे भिंतीपेक्षा मोठं! तेव्हा दार भिंतीपेक्षा मोठं निघालं, की चूक कुठे झाली ते लगेच समजा. आपलं दार १८.८ चौरस फूट.

अशीच एक चूक फूट-इंच लिहिताना होते. ६ फूट १० इंच हे कॅल्क्युलेटरवर ६.१० म्हणून टाकलं जातं. खरं ते ६.८३ आहे. म्हणून मी शेवटपर्यंत इंचात काम करतो आणि अगदी शेवटी १४४ ने भागतो.

दाराची कड कुठली धरायची? रंग जिथे थांबतो ती. म्हणजे चौकटीची बाहेरची कड, फळीची नाही. फळी धरली तर चौकटीच्या लाकडालाही आपण भिंतीचा रंग लावतोय असा हिशोब होतो. फोटोत दार उघडं असलं तरी बिघडत नाही, चौकट जागची हलत नाही.

खिडकीत मात्र जरा लक्ष घालावं लागतं. जाड भिंतीत खिडकीची काच किंवा जाळी बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूला असते आणि आत पाच-सहा इंचांचा कोनाडा राहतो. काच भिंतीच्या मागे असल्याने फोटोत लहान दिसते. कर्सर काचेच्या चौकटीवर ठेवला, की खिडकी लहान भरते आणि वजावट कमी होते. आतल्या भिंतीचा कोपरा जिथे वळतो, ती कड पकडायची. ताईंच्या खिडकीची ती कड ७३५ बाय ६९० पिक्सेल होती, म्हणजे ४९ बाय ४६ इंच. २२५४ चौरस इंच, भागिले १४४, म्हणजे १५.७ चौरस फूट.

दार आणि खिडकी मिळून ३४.५ चौरस फूट. १२८.८ मधून वजा केले की ९४.३ उरतात. बहुतेक जण इथेच थांबतात.

पण खिडकी वजा केली, तरी तिच्या कोनाड्याच्या आतल्या बाजूंना रंग लागतोच. समोरून घेतलेल्या फोटोत या बाजू जवळजवळ दिसत नाहीत, म्हणून त्या विसरल्या जातात. त्यांची खोली घरच्या माणसालाच विचारावी लागते. आईने पाच इंच सांगितली. खाली कडाप्पा होता, तिथे रंग नाही. वरची बाजू ४९ आणि दोन्ही उभ्या बाजू ४६-४६, मिळून १४१ इंच. गुणिले ५ केले की ७०५ चौरस इंच, म्हणजे ४.९ चौरस फूट. हे मिळवायचे. दाराची चौकट आतल्या भिंतीशी सपाट होती, त्यामुळे तिथे असं काही नव्हतं.

आणि जमिनीलगत चार इंची स्कर्टिंगची टाइल होती. तिची लांबी १३.७ फूट नाही, कारण दाराच्या जागी ती नसते. १३.७ वजा २.७५, म्हणजे १०.९५ फूट. चार इंच म्हणजे फुटाचा तिसरा भाग, तेव्हा सुमारे ३.७ चौरस फूट वजा. काही जण भिंतीची उंचीच स्कर्टिंगच्या वरून मोजतात, तेही चालेल, पण मग दाराची उंचीही तिथूनच मोजायला हवी. भिंत टाइलपासून आणि दार जमिनीपासून मोजलं, तर दाराच्या पायथ्याचा तुकडा दोनदा वजा होतो.

९४.३ अधिक ४.९ वजा ३.७ म्हणजे ९५.५. आपण ९६ चौरस फूट धरू. या भिंतीत कोनाडा आणि स्कर्टिंग यांनी एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकलं. दोन्ही विसरलं असतं तरी चाललं असतं, पण चार खिडक्यांच्या हॉलमध्ये चालणार नाही.

चौरस फुटांवरून लिटर

डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात एक लिटर रंग किती चौरस फुटांना पुरतो ते दिलेलं असतं. तिथे तो आकडा एका हाताचा आहे की दोन हातांचा, हे आधी वाचा. आमच्याकडे रंगाच्या एका थराला 'हात' म्हणतात. एका हाताचा मोठा आकडा पाहून दोन हातांचा रंग घेतला, तर काम अर्ध्यावर थांबतं. दोन हातांना लिटरमागे १२० चौरस फूट लिहिलेलं इमल्शन आपण उदाहरणाला घेऊ.

९६ भागिले १२० म्हणजे ०.८ लिटर. डब्यावरचा आकडा गुळगुळीत, नीट प्रायमर मारलेल्या भिंतीचा असतो. रोलरमध्ये, ट्रेमध्ये आणि जमिनीवर टाकलेल्या वर्तमानपत्रावर जातो तो रंग त्यात नसतो. म्हणून वर दहा टक्के धरायचे, म्हणजे ०.८८ लिटर. एक लिटरचा डबा पुरेल.

आता अख्खी भिंत धरली असती तर? १२८.८ भागिले १२० म्हणजे १.०७, वर दहा टक्के, जवळपास १.१८ लिटर. एक लिटर पुरला नसता, ताईंनी दोन डबे नेले असते आणि दुसऱ्यातला बराचसा मोरपिशी रंग माळ्यावर सुकत पडला असता. मशीनवर खास बनवून दिलेला शेड सहसा परतही घेत नाहीत. इथे वजावटीने एक डबा वाचवला. पण वजावटीआधी ०.६ आणि वजावटीनंतर ०.५ लिटर आला असता, तर दोन्ही वेळा डबा एकच. हिशोब डब्याच्या काठावर आला, म्हणजे एक लिटर, चार लिटर, दहा लिटर अशा पॅकिंगच्या आसपास, की फोटो पुन्हा नीट मोजायचा. नाहीतर खिडकीच्या दोन इंचांसाठी डोकं शिणवायचं नाही.

इमल्शनमध्ये पाणी घालतात, म्हणून "पाणी मिळवून सव्वा लिटर होईल की" असं लोक म्हणतात. डब्यावरचा आकडा पाणी घालण्याआधीच्या रंगाचा असतो. पाणी वाढवून क्षेत्रफळ वाढत नाही, थर पातळ होतो आणि खालचा जुना रंग डोकावतो. मग तिसरा हात मारावा लागतो, आणि रंग उलट जास्त जातो. लाल, गडद पिवळा असे काही रंग मुळातच खालचं नीट झाकत नाहीत. तिथे दोन हातांचा हिशोब दीडपट करून ठेवा. नवी पुट्टी असेल तर प्रायमर वेगळा घ्यायचा. क्षेत्रफळ तेच ९६, पण दर लिटरचा आकडा प्रायमरच्या डब्यावरचा.

पेंटरच्या बिलातले चौरस फूट आणि आपले चौरस फूट जुळले नाहीत, तर लगेच त्याला लबाड ठरवू नका. मजुरीची मोजणी निराळी असते. दार-खिडकीच्या कडा सांभाळून ब्रश फिरवायला मोकळ्या भिंतीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून बरेच पेंटर लहान खिडकी वजाच करत नाहीत. बांधकामाच्या मोजणीचं भारतीय मानक IS 1200 सुद्धा अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या लहान मोकळ्या जागा वजा करत नाही. वजावट होणार की नाही, हे काम सुरू होण्याआधी बोलून घ्या. डबा मात्र आपल्या हिशोबानेच आणायचा.

ताईंनी एक लिटर नेला. चार दिवसांनी आईचा फोन त्यांनी मला ऐकवला, रंग पुरला होता आणि तळाशी वाटीभर उरला होता. तो झाकण घट्ट लावून ठेवायला सांगितला, खिळ्याच्या भोकांना आणि ओरखड्यांना उपयोगी पडेल. झाकणावर शेडचा नंबर आणि बेसचं नाव मार्करने लिहायलाही सांगितलं, कारण डब्यावरची चिठ्ठी पुसट होते आणि पुढच्या वेळी गिऱ्हाईक नुसता "तो मोरपिशी" मागायला येतं. आमच्या शेड कार्डावर मोरपिशी सात आहेत.